नुसतं ‘एक्सप्लेन’ आणि सोबत बारीक छपाईच्या पानाचा फोटो: उत्तर कसं लिहायचं?

गोदाकाठ

मंडळी, जरा घाईचं आहे, रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, मुलगा मस्कतला. त्यांचा आत्ता व्हॉट्सॅपवर मेसेज आला. एक फोटो, खाली फक्त ‘एक्सप्लेन’. बाकी काही नाही. नमस्कार नाही, प्रश्न नाही.

फोटो हेल्थ इन्शुरन्सच्या पॉलिसीतल्या एका पानाचा आहे. दोन कॉलम, मुंगीएवढी अक्षरं, सगळं इंग्रजी. वरती रूम रेंटबद्दल आहे, मग प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणून एक मोठा परिच्छेद, मग आयसीयू, मग अँब्युलन्स, आणि उजव्या कॉलममध्ये वेटिंग पीरियडची आजारांची यादी सुरू होते ती पान संपल्यामुळे अर्धीच आहे. पानाचा खालचा कोपरा दुमडलेला.

मी हे सगळं वाचू शकते, मला कळतंही बऱ्यापैकी. माझा प्रश्न वेगळा आहे. सगळं पान समजावायला बसले तर वहीची चार पानं होतील आणि काका ते वाचणार नाहीत. दोन ओळीत सांगितलं तर त्यात त्यांना हवं ते असेल का हे माहीत नाही. मराठीत लिहायचं हे नक्की, पण किती मराठी? प्रमाणशीर कपात असं लिहिलं तर हॉस्पिटलच्या काउंटरवर त्यांना तो शब्द कोणी ओळखणारच नाही. तुमच्याकडे असे कागद येतात तेव्हा तुम्ही काय करता?

बापूसाहेब_सांगली

ताई, फोटो नीट येत नसेल तर त्यांना स्कॅनरवालं ॲप टाकायला सांगा, पान सपाट धरायचं, खिडकीजवळ उजेडात, सावली पडू द्यायची नाही. दुमडलेला कोपरा इस्त्रीने सरळ होतो, वरून कापड टाकून. माझ्या सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्याचं मी असंच केलं होतं, छान वाचता आलं.

गोदाकाठ

बापूसाहेब धन्यवाद, पण वाचता येतंय हो, अक्षर स्पष्ट आहे. काय आणि किती सांगायचं ते ठरत नाहीये.

करसल्ला

मी टॅक्सची कामं करतो, माझ्याकडे नोटिसांचे असे फोटो रोज येतात. माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण पान समजवायचं, कलमागणिक. तुम्ही एक कलम गाळलंत आणि नेमकं तेच लागू झालं तर माणूस म्हणणार की तुम्ही सांगितलं नाहीत. आणि प्रपोर्शनेट डिडक्शनचं म्हणाल तर ते सोपं आहे, रूमची मर्यादा ३,००० असेल आणि तुम्ही ६,००० ची रूम घेतलीत तर अख्खं बिल अर्धं होतं. एवढं वाक्य लिहा, त्यांना कळेल.

कॅशलेसकाउंटर

मी एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बरीच वर्षं आहे म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

आधी करसल्ला यांचं. अख्खं बिल अर्धं होतं हे पूर्वी बऱ्याच ठिकाणी तसं व्हायचं, पण आता नाही. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०२० मध्ये हे आवळलं. रूमच्या प्रमाणात कपात होते ती रूमच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या खर्चावर, म्हणजे सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी, डॉक्टरांच्या व्हिजिट असल्या गोष्टींवर. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ती कात्री लागत नाही. आयसीयूच्या चार्जेसनाही लावता येत नाही. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये सर्जनची फी जनरलला आणि सिंगल रूमला एकच आहे तिथे त्या फीवरही लावता येत नाही. त्यामुळे ‘बिल अर्धं होतं’ असं काकांना लिहिलंत तर ते उगाच घाबरतील, कदाचित ऑपरेशनच पुढे ढकलतील, असे लोक मी पाहिलेत.

आता मूळ प्रश्न. हे पान कोणी बसल्या बसल्या वाचत नाही. पॉलिसीचं पुस्तक कपाटात असतं, ते बाहेर निघतं तेव्हा घरात कोणीतरी ॲडमिट होणार असतं किंवा झालेलं असतं किंवा क्लेम कापून आलेला असतो. या तीन वेळांना याच पानाचं उत्तर पूर्ण वेगळं आहे. ॲडमिट व्हायच्या आधी उत्तर आहे कोणती रूम घ्यायची. ॲडमिट असताना उत्तर आहे रूम बदलता येते का ते आजच डेस्कला विचारा. आणि पैसे कापून झाले असतील तर उत्तर आहे सेटलमेंटचं पत्र आणि बिलाची फोड दाखवा, कपात कशावर लावलीय ते बघू. म्हणून किती खोलात जायचं हे ठरवण्याआधी काका यातल्या कुठल्या टप्प्यावर आहेत ते कळायला हवं, आणि तेवढाच एक प्रश्न विचारा. पाच प्रश्न पाठवलेत तर ते एकाचंही उत्तर देणार नाहीत.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. माझे बाबा मिरजेला, ते पण असंच करतात, फोटो आणि एक शब्द. कधी कधी तो शब्दही नसतो. मी आधी उलट विचारायचे की बाबा नक्की काय कळत नाहीये, तर ते म्हणायचे काहीच कळत नाहीये म्हणून तर पाठवलं. आणि इथे रात्र तिथे दिवस, एकेका प्रश्नोत्तराला एक दिवस जायचा. म्हणून आता मी प्रश्न एकटा पाठवत नाही, काहीतरी उत्तर देते आणि त्याच्याच शेवटी प्रश्न विचारते. आणि मी व्हॉइस नोट करते, मराठीत, बोलल्यासारखं. वाचायचा त्रास नको त्यांना.

कॅशलेसकाउंटर

एडिसनकर, उत्तराच्या शेवटी प्रश्न ही पद्धत एकदम बरोबर. व्हॉइस नोटबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. घरी समजायला व्हॉइस नोट उत्तम, पण पेशंटचे नातेवाईक माझ्या काउंटरवर येतात आणि मुलीने पाठवलेली तीन मिनिटांची नोट कानाला लावून त्यातलं वाक्य शोधत बसतात, मागे रांग. जे काउंटरवर दाखवायचंय किंवा विचारायचंय ते टाइप केलेलंच हवं. दोन्ही पाठवा हवं तर.

मास्तर_देवरुख

भाषेबद्दल लिहितो. काका तुम्हाला एरवी मेसेज कसे टाइप करतात ते बघा ताई. रोमन अक्षरात मराठी करत असतील तर त्यांना देवनागरी वाचायला आवडेल की नाही हाही प्रश्न आहे, काहीजण वाचायला देवनागरीच पसंत करतात पण टाइप करायला कीबोर्ड सापडत नाही म्हणून रोमन. ‘एक्सप्लेन’ असं इंग्रजीत लिहिलंय यावरून इंग्रजीत उत्तर हवंय असं अजिबात धरू नका, तो आता मराठीच शब्द झाल्यासारखा आहे. माझं म्हणणं, वाक्य मराठी ठेवायचं आणि कागदावर किंवा काउंटरवर जो शब्द त्यांना पुन्हा भेटणार आहे तो जसाच्या तसा ठेवायचा. रूम रेंट, कॅशलेस, ट्विन शेअरिंग. आणि प्रपोर्शनेट डिडक्शन हा शब्द एकदाच लिहा, तो पानावर कुठे आहे ते सांगून, म्हणजे त्यांना बोट ठेवून दाखवता येईल.

गोदाकाठ

खूप उपयोग झाला. एडिसनकर म्हणाल्या तसं थोडं उत्तर आणि एक प्रश्न असं पाठवलं. हे लिहिलं होतं:

“काका, हे पान रूमच्या भाड्याची मर्यादा सांगतं. मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली तर फक्त रूमचा फरक नाही, डॉक्टरांच्या आणि ऑपरेशनच्या खर्चाचाही काही भाग आपल्याला भरावा लागतो. मर्यादा किती आहे ते या पानावर नाही. काकू ॲडमिट झाल्यात की व्हायच्या आहेत?”

त्यावर त्यांचा लगेच फोनच आला. काकूंच्या पित्ताशयात खडे आहेत, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीने ऑपरेशन. हॉस्पिटलने सिंगल रूमचा अंदाज लिहून दिलाय आणि मुलगा म्हणतोय आईला सिंगल रूमच घ्या. एजंटने सांगितलं म्हणे की ‘रूममध्ये थोडा फरक पडेल’, काकांना तो ‘थोडा’ खटकला म्हणून ते पुस्तक काढून बसले. म्हणजे पानातलं नेमकं कुठलं कलम हवं होतं ते आपोआप कळलं.

कॅशलेसकाउंटर

छान झालं. आता दोन गोष्टी, क्रमाने.

पहिली, पॉलिसी किती वर्षं सलग चालू आहे? पित्ताशयाचे खडे बहुतेक पॉलिसींत सुरुवातीच्या दोन वर्षांच्या वेटिंग पीरियडच्या यादीत असतात, तुम्ही म्हणालात ती उजव्या कॉलममधली अर्धी यादी तीच. दोन वर्षं झाली नसतील तर रूमचा हिशोब करण्यातच अर्थ नाही, सगळाच खर्च खिशातून. म्हणून काकांनी विचारलं नसलं तरी हे आधी बघायचं.

दुसरी, मर्यादेचा आकडा. पानावर ‘ॲज स्पेसिफाइड इन द पॉलिसी शेड्यूल’ असं काहीतरी असेल. शेड्यूल म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा वेगळं जोडलेलं एक-दोन पानांचं, ज्यावर नाव, वय, विम्याची रक्कम, प्रीमियम असतं. त्याचा फोटो मागवा. नुसतं कलम वाचून आकडा कळत नाही आणि आकड्याशिवाय कलम समजावणं म्हणजे हवेत बोलणं. तिथे टक्क्यात असेल तर विम्याच्या रकमेचे टक्के, दर दिवसाला.

करसल्ला

औषधं-तपासण्या कपातीतून बाहेर हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. पण मी म्हणालो होतो तेच झालं ना, वेटिंग पीरियडचं काकांनी विचारलं नव्हतं तरी तेच आधी निघालं. म्हणून पूर्ण पान समजवावं.

कॅशलेसकाउंटर

पूर्ण पान तुम्ही वाचायचं, करसल्ला, यावर आपण एकाच मताचे आहोत. समजावणाऱ्याने प्रत्येक ओळ वाचलीच पाहिजे. पण अँब्युलन्सची मर्यादा, आयसीयू, हे काकांना आत्ता सांगून काय करणार? त्यांना पुढच्या आठवड्यात एक निर्णय घ्यायचाय.

करसल्ला

निर्णय एक असला तरी शंका नंतर येतात. मी तरी लेखी पूर्ण देतो. चालू द्या.

गोदाकाठ

शेड्यूलचा फोटो आला. पॉलिसीचं पाचवं वर्ष, मध्ये खंड नाही. विमा ३ लाखाचा. रूम रेंट विम्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. आयसीयू २ टक्के.

हॉस्पिटलने दिलेला अंदाज सिंगल रूमचा असा आहे: रूम ६,००० प्रमाणे तीन दिवसांचे १८,०००. सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट सगळं मिळून ८०,०००. औषधं आणि कन्झ्युमेबल्स २५,०००. तपासण्या ९,०००. एकूण १,३२,०००.

कॅशलेसकाउंटर ताई, मी असा हिशोब केलाय, बघाल का? मर्यादा ३,०००, रूम ६,०००, म्हणजे निम्मं. रूमचे १८,००० पैकी ९,००० मिळणार. ८०,००० चे ४०,०००. औषधं २५,००० आणि तपासण्या ९,००० पूर्ण. मिळणार ८३,०००, काकांच्या खिशातून ४९,०००. एजंटचा ‘थोडा फरक’ ९,००० चा असेल असं काका आणि त्यांचा मुलगा धरून चाललेत.

कॅशलेसकाउंटर

हिशोब बरोबर. औषधं-कन्झ्युमेबल्सच्या २५,००० मधून हातमोजे, मास्क, असल्या न मिळणाऱ्या वस्तूंचे थोडे वजा होतील, पण ते रूम कुठलीही घेतली तरी होणारच, त्यामुळे आत्ताच्या निर्णयाला त्याने फरक पडत नाही. उत्तरात नको ते.

एक मात्र घाला. ट्विन शेअरिंग रूम ३,००० ची आहे का विचारा, आणि नर्सिंगचे पैसे त्यातच आहेत की वेगळे. बऱ्याच पॉलिसींत रूम रेंटच्या मर्यादेत नर्सिंगही धरतात. रूम ३,००० आणि नर्सिंग ५०० वेगळं लावलं तर झाले ३,५००, मर्यादा ओलांडली, आणि मग ३,००० भागिले ३,५०० या प्रमाणात डॉक्टरांचे पैसे कापले जातात. दर दिवसाच्या ५०० रुपयांसाठी सर्जनच्या बिलातला सातवा हिस्सा जातो. माणूस म्हणतो मी तर मर्यादेतलीच रूम घेतली. याच्यावरून काउंटरवर सगळ्यात जास्त भांडणं होतात.

एडिसनकर

बापरे, नर्सिंगचं आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. पण एक विचारते, ४९,००० हा आकडा काकांना सांगायचा का? हॉस्पिटलचा नुसता अंदाज आहे, बिल वेगळं आलं तर? मी असते तर आकडा न लिहिता ‘बरेच जास्त भरावे लागतील’ म्हटलं असतं.

मास्तर_देवरुख

आकडा लिहायलाच हवा असं माझं मत. एजंटने ‘थोडा’ म्हटलं म्हणूनच काका अडले. आपण ‘बरेच’ म्हटलं तर त्यांच्यापुढे दोन मोघम शब्द झाले, आता कोणाचं खरं मानायचं त्यांनी? ‘अंदाजे’ लावा आणि लिहा.

एडिसनकर

पटतंय पण भीतीही वाटते. नंतर ६०,००० झाले तर तुमच्या ताईंनी सांगितलं होतं असं होतं. बघा, तुमचं शेजारपण आहे, तुम्हाला जास्त कळतं.

खवय्या_वसई

थोडं विषयांतर, माझ्या आईला गोळ्यांच्या खोक्यातली ती घडी घातलेली पत्रिका वाचायची सवय आहे. तिचा फोटो पाठवते मला, त्यावर शंभर साइड इफेक्ट. तिथे पण हेच करायचं का, तिला लागू पडणारं एकच सांगायचं? कारण ती सगळं वाचते आणि गोळीच बंद करते.

कॅशलेसकाउंटर

खवय्या, औषधाचं मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. तुमच्या केमिस्टला किंवा डॉक्टरांना विचारा, आणि गोळी स्वतःहून बंद करू नये हे मात्र आजच सांगा आईंना.

गोदाकाठ

हे लिहिलंय, पाठवायच्या आधी बघा:

“काका, तुमची पॉलिसी पाचव्या वर्षात आहे त्यामुळे खड्यांचं ऑपरेशन बसायला अडचण दिसत नाही.

रूमची मर्यादा दिवसाला ३,००० आहे. ६,००० ची सिंगल रूम घेतली तर हॉस्पिटलच्या अंदाजाप्रमाणे १,३२,००० मधले साधारण ८३,००० कंपनी देईल आणि ४९,००० च्या आसपास आपल्याला भरावे लागतील. रूमचा फरक ९,००० चाच आहे, बाकीचे ४०,००० सर्जन आणि ओटीच्या बिलातून कापले जातात. तुम्ही पाठवलेल्या पानावर डावीकडे ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ लिहिलंय तो हाच नियम.

उद्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला एवढं विचारा: ट्विन शेअरिंगचं भाडं किती आणि नर्सिंग चार्जेस त्यातच आहेत का वेगळे? दोन्ही मिळून ३,००० च्या आत बसलं तर ही कपात लागत नाही. ट्विन शेअरिंगचा अंदाज लेखी मागा आणि मला फोटो पाठवा.”

मास्तर_देवरुख

मोबाइलवर एका स्क्रीनपेक्षा थोडं जास्त आहे पण आकडे असल्यामुळे चालेल. शेवटचा परिच्छेद वेगळा मेसेज करून पाठवा, म्हणजे डेस्कवर तेवढाच उघडून दाखवता येईल. आणि ‘अडचण दिसत नाही’ हे चांगलं लिहिलंय, ‘नक्की मिळेल’ असं म्हटलं नाहीत.

कॅशलेसकाउंटर

पाठवा. फक्त डेस्कच्या प्रश्नात अजून एक वाक्य: ‘सर्जनची फी सिंगल आणि ट्विन शेअरिंगला एकच आहे की वेगळी?’ एकच असेल आणि हॉस्पिटलने ते लेखी दिलं तर सिंगल रूम घेऊनही त्या फीवर कपात लावता येत नाही, मग मुलाचं म्हणणंही राहील आणि खर्च खूप कमी होईल. पण हे लेखी मिळायला हवं, तोंडी ‘हो हो एकच आहे’ म्हणतात आणि बिलात रूमप्रमाणे दर लागलेले असतात. दरपत्रक बघायला मागा.

करसल्ला

हे वाक्य मात्र सगळ्यात महत्त्वाचं निघालं, आणि ते काकांच्या पानावर असणार की. आयआरडीएआयचा नियम पॉलिसीत छापलेला असतो ना?

कॅशलेसकाउंटर

असतो, त्याच परिच्छेदाच्या शेवटी. ताईंनी बघावं.

गोदाकाठ

आहे! शेवटची दोन वाक्यं आहेत, ‘डिफरेन्शियल बिलिंग’ असा शब्द आहे, म्हणजे रूमप्रमाणे वेगवेगळे दर लावणं. त्याचा अर्थ डॉक्टर-नर्सच्या पगाराशी काहीतरी असेल असं धरून मी पुढे गेले असते. मेसेज दोन भागात पाठवला, हे वाक्य घालून. काकांचा रिप्लाय आला, “ok udya jaato. mulala pan pathav na he”. म्हणजे आता मस्कतला मुलालाही हेच पाठवायचं. त्याला इंग्रजी येतं, नोकरीही ऑफिसातली आहे. त्याला पानाचा फोटो आणि परिच्छेदाचं नाव दिलं की पुरेल का पूर्ण हिशोब?

एडिसनकर

मुलाला हिशोब आधी पाठवा, पान नंतर. मी परदेशात बसून सांगते, आईला सिंगल रूमच घ्या असं म्हणणाऱ्याला आपण लांब आहोत म्हणून वाईट वाटत असतं, त्याला कलम पाठवलंत तर तो म्हणेल पैशाचं मी बघतो. त्याला दोन आकडे दिसू दे, सिंगलचा आणि ट्विनचा. मग तो ४९,००० द्यायला तयार असेल तर तो त्याचा निर्णय, निदान माहीत असून घेतलेला.

मास्तर_देवरुख

आणि त्याला इंग्रजी येत असलं तरी मराठीतलंच पाठवा असं मी म्हणेन. बाप-लेक फोनवर एकाच मजकुराबद्दल बोलतील.

करसल्ला

मुलाला पान आणि पूर्ण परिच्छेद दोन्ही द्या, तो वाचू शकतो, त्याच्यापासून काय लपवायचं. आणि एक सुचवतो, १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फर्मेशन शीट म्हणून थोडक्यात माहितीचं पत्रक द्यावं लागतं आणि मागितलं तर ते स्थानिक भाषेतही मिळतं. काकांनी कंपनीला मराठीतलं मागावं.

कॅशलेसकाउंटर

हे करसल्ला यांनी चांगलं आठवलं. मागायलाच हवं. त्यात रूमची मर्यादा, वेटिंग पीरियड, काय मिळत नाही आणि तक्रार कुठे करायची हे असतं. काकूंचं ऑपरेशन होईपर्यंत ते पोचेल असं धरून बसू नका, पण नूतनीकरणाच्या वेळेला उपयोगी पडेल.

ताई, उद्या ट्विन शेअरिंगचा आकडा आला की इथे टाका. नर्सिंग वेगळं लावत असतील तर पुन्हा हिशोब करावा लागेल.

गोदाकाठ

टाकते. मुलाला दोन आकडे पाठवायचे म्हणालात पण ट्विनचा अजून माझ्याकडे नाही, म्हणून त्याला आत्ता सिंगलचा हिशोब आणि ‘ट्विनचा उद्या संध्याकाळी’ एवढंच लिहिते. करसल्ला, परिच्छेदाचा फोटो त्याला जोडते.